चाळीस नंबरचे मराठी
(कापड गिरणीतल्या शब्दांच्या भाषांतराचा एक प्रयत्न)

कापडधंद्यातले मराठी तीन थरांचे आहे. सर्वांत खालचा थर हातमागाचा आणि चरख्याचा. माग, धोटा, फणी, ताणा, बाणा, कांडी, चाती, पेळू, पीळ, खळ हे त्यातले शब्द. यंत्रे यायच्या कितीतरी आधीपासून ते कोष्ट्यांच्या आणि साळ्यांच्या घरात होते. दुसरा थर गिरणीचा. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. यंत्रे लँकेशायरची, त्यांची माहितीपत्रके इंग्रजी, देखरेख करणारे बहुधा इंग्रज किंवा पारशी-गुजराती, आणि यंत्रापुढे उभा राहणारा बराचसा कामगार कोकणातला. या चौघांच्या बोलण्यातून खात्याची भाषा तयार झाली. तिसरा थर कागदावरचा. राज्य झाल्यानंतर परिभाषा कोश, विश्वकोश, पाठ्यपुस्तके यांसाठी जे संस्कृत वळणाचे शब्द घडवले गेले, त्यांचा हा थर.

काही वर्षांपूर्वी कताई आणि विणाई शिकणाऱ्या मुलांसाठी तयार होत असलेल्या एका पुस्तिकेचे मराठी तपासायचे काम माझ्याकडे आले. मूळ मजकूर इंग्रजी होता आणि पहिले भाषांतर झालेले होते. ते व्याकरणाने शुद्ध होते, पण त्यात हे तिन्ही थर एकमेकांत मिसळले होते आणि त्यामुळे काही ठिकाणी अर्थच बदलला होता. ते काम करताना जे हाती लागले, त्यातले तीन शब्द येथे मांडतो.

पहिला शब्द मागाचा. मुंबईच्या गिरणीत मागाला माग म्हणत नसत. तिथे तो ‘साचा’, त्याचे खाते ‘साचेखाते’ आणि त्यावरचा कामगार ‘साचेवाला’. गुजरातीत यंत्राला ‘संचो’ म्हणतात; गिरणीच्या व्यवस्थेत गुजराती बोलणारे किती होते हे पाहता आपला साचा तिथून आला असावा, असे माझे अनुमान आहे. कताईच्या खात्याला मुंबईत ‘त्रासन’ म्हणत. या शब्दाचा त्रासाशी संबंध नाही. रिंग फ्रेम येण्यापूर्वी सूत कातणारे एक यंत्र ‘थ्रॉसल’ नावाचे होते. त्याच नावाचे हे मराठी रूप, असे मला वाटते. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८०च्या दशकात रिंग फ्रेम आल्या, पुढे मुंबईतही त्या सर्वत्र झाल्या. थ्रॉसल गेले, पण खात्याचे नाव राहिले.

इचलकरंजीत मात्र साचा रुजला नाही. तिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालवला. हातमाग बाजूला ठेवून त्याच पेठेत यंत्र आले, म्हणून नाव मागाचेच राहिले. पुस्तिका वाचणारी मुले यंत्रमागाच्या गावांतली होती. त्यांच्यासाठी साचा म्हणजे मूर्ती ओतायचा साचा. म्हणून आम्ही सर्वत्र ‘माग’ ठेवले आणि साचा हा शब्द एका टिपेत दिला, कारण जुन्या कामगाराच्या तोंडून तो अजून ऐकू येऊ शकतो. येथे निवड सोपी होती. दोन्ही शब्द एकाच वस्तूचे होते, फक्त गावे वेगळी.

दुसरा शब्द याहून अवघड निघाला. इंग्रजीतल्या ‘कार्डिंग’साठी पहिल्या भाषांतरात ‘पिंजण’ होते. वरवर पाहता ते अगदी बरोबर वाटते. पण पिंजारी धनुकलीने काय करतो ते आठवून पाहावे. दबलेला कापूस तो मोकळा करतो, फुलवतो, त्यातली घाण झाडतो. गिरणीत हे काम कार्डिंगच्या आधी, ब्लोरूममध्ये होते. तिथे गाठींमधला कापूस फोडून त्याचे लहान लहान पुंजके केले जातात आणि पाचोळा, सरकीचे तुकडे खाली पाडले जातात. कार्डिंगच्या यंत्रात त्यापुढचे काम चालते. बारीक तारांच्या दातांनी मढवलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये तो पुंजका सापडतो आणि त्यातला तंतू तंतूपासून सुटा होतो. बाहेर येतो तो पातळ पडदा, आणि तो गोळा होऊन दोरासारखा पेळू बनतो.

मग कार्डिंगला ‘विंचरण’ म्हणावे, तर पुढे ‘कोंबिंग’ उभे असते. बारीक आणि चांगल्या सुतासाठी पेळू खरोखरच कंगव्याने विंचरतात आणि आखूड तंतू काढून टाकतात. विंचरण हा शब्द कार्डिंगला देऊन टाकला, तर कोंबिंगला काही उरत नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. सुतात बारीक कण्यांसारख्या तंतूंच्या गुंतागाठी दिसू लागल्या, तर कार्डिंगचे दात बोथट झालेत का, दोन पृष्ठभागांतले अंतर वाढले आहे का, हे पाहावे लागते. पाचोळ्याचे आणि सरकीचे मोठे तुकडे येत असतील, तर आधी ब्लोरूमकडे जावे लागते. पुस्तिकेत ‘पिंजणाचे यंत्र तपासा’ एवढेच लिहिले, तर पिंजण म्हणजे कापूस मोकळा करणे हे घरून शिकून आलेला मुलगा ब्लोरूमकडे जाईल, आणि दोष तिकडे नसेल. म्हणून आम्ही यंत्रांची नावे ब्लोरूम, कार्डिंग, कोंबिंग अशीच ठेवली आणि काम मात्र मराठी क्रियापदाने सांगितले: ब्लोरूममध्ये कापूस पिंजला जातो, कार्डिंगमध्ये तंतू सुटे होतात, कोंबिंगमध्ये ते विंचरले जातात. नाम इंग्रजी आणि क्रिया मराठी, ही रीत खात्यात आधीपासूनच होती. ‘पेळू’ मात्र जपून ठेवला. चरख्याचा पेळू वीतभर आणि यंत्राचा शेकडो मीटर लांब, डब्यात वेटोळे घालून बसलेला. तरी वस्तू तीच, पीळ न दिलेला तंतूंचा जुडगा.

तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात पैसा आहे. सुताचा ‘काउंट’. बाजारात त्याला ‘नंबर’ म्हणतात: वीस नंबर, चाळीस नंबर. पारिभाषिक शब्द ‘सूतांक’. पहिल्या भाषांतरात काही ठिकाणी ‘सुताची जाडी’ असे होते, आणि तिथे सगळेच उलटे झाले. कारण नंबर वाढला की सूत बारीक होते. एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. चाळीस नंबर म्हणजे एका पौंडात अशा चाळीस लडी. सूत जितके बारीक, तितक्या लडी जास्त. ‘जाडी ४०’ असे वाचणाऱ्याला ते २० पेक्षा जाड वाटणारच. डेनियर आणि टेक्स या मोजण्यांत मात्र आकडा वाढला की सूत जाड होते, कारण तिथे लांबी ठरलेली असते आणि वजन मोजतात.

त्याच परिच्छेदात लडीसाठी ‘गुंडी’ शब्द वापरला होता. शब्द गोड आणि ओळखीचा, पण त्याला खादीची मोजणी चिकटलेली आहे. जुन्या खादी मोजणीत गुंडी ६४० तारांची, तार चार फुटांची. म्हणजे सुमारे ८५३ यार्ड. पुढे मेट्रिक पद्धतीत ती १००० मीटरची झाली. गिरणीची लडी ८४० यार्डांची, म्हणजे सुमारे ७६८ मीटर. एका शब्दाखाली तीन लांब्या आल्या, तर गणित चुकणारच. म्हणून आम्ही ‘लडी’ ठेवली, आणि ती पहिल्यांदा येते तिथेच ८४० यार्ड असे लिहिले.

नंबर कसा तपासतात, हे पुस्तिकेत एका उदाहरणाने सांगितले. ते येथेही देतो. दीड यार्ड घेराच्या फिरकीवर सूत ८० फेरे गुंडाळले की १२० यार्ड होतात. हा लडीचा सातवा भाग; त्याला खात्यात ‘ली’ म्हणतात. पौंडाचे ग्रेन ७०००. त्यामुळे हिशेब फार सुटसुटीत होतो: १००० ला लीच्या ग्रेनमधल्या वजनाने भागले की नंबर मिळतो. वजन ग्रॅममध्ये असेल, तर १००० ऐवजी ६४.८ घ्यायचे. समजा, कोनावर ३० नंबर लिहिले आहे. त्याची ली २.१६ ग्रॅम भरायला हवी. प्रत्यक्षात अनेक कोनांवरच्या लींची सरासरी २.३१ ग्रॅम आली. ६४.८ भागिले २.३१ म्हणजे २८. सूत सांगितल्यापेक्षा जाड आहे.

याने बिघडते काय? सूत किलोवर विकत मिळते आणि कापड लांबीवर विणले जाते. ३० नंबरच्या एका किलोत सुमारे ५०,८०० मीटर सूत असते. २८ नंबरच्या किलोत सुमारे ४७,४००. प्रत्येक किलोमागे जवळजवळ ३,४०० मीटर सूत कमी आले. तितके जास्त सूत मागवाल्याला विकत घ्यावे लागते, शिवाय कापड ठरल्यापेक्षा जड होते. मात्र लगेच भांडायला जाऊ नये. कापूस हवेतला ओलावा धरतो, त्यामुळे पावसाळ्यात दमट गोदामातल्या सुताचे वजन वाढते आणि ते आहे त्यापेक्षा जाड भासते. एका लीवरूनही काही ठरत नाही. बऱ्याच कोनांवरच्या ली, सारख्या हवेत ठेवून मोजल्या, तरच फरक खरा मानायचा. ही ताकीद आम्ही पुस्तिकेत ठळक अक्षरांत घातली.

आता शब्द कोणता ठेवायचा? ‘सूतांक’ निर्दोष आहे. तो जाड-बारीक काहीच सुचवत नाही, म्हणून चुकवतही नाही. पण पावतीवर, कोनावर, मागवाल्याच्या तोंडी ‘नंबर’ आहे. उलट ‘नंबर’ एकटा पुरत नाही, कारण फणीलाही नंबर असतो. दोन इंचांत जितकी घरे, तो फणीचा नंबर. घरात दोन-दोन धागे ओवले तर तोच आकडा इंचातल्या ताण्याच्या धाग्यांचा होतो. म्हणजे ७२ नंबरच्या फणीत इंचाला ७२ धागे. ‘७२ नंबर’ एवढेच म्हटले, तर ते सुताचे की फणीचे, कळत नाही. शेवटी ‘सुताचा नंबर’ आणि ‘फणीचा नंबर’ अशी पूर्ण नावे घेतली, आणि ‘सूतांक’ कंसात एकदाच दिला, कारण परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत तो येऊ शकतो.

बाण्याच्या धाग्यासाठी यंत्रमागाच्या गावांत ‘पीक’ म्हणतात. शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही. मूळ इंग्रजी शब्द तसाच उचलला आहे. इचलकरंजीत मजुरीचा करार ५२ पिकाच्या कापडावर बोलला जातो. पहिल्या भाषांतरात या जागी ‘आडवा धागा’ होता. अर्थ बरोबर, पण मजुरीच्या कागदावर ‘पीक’ वाचणाऱ्या मुलाला तो आपल्याच पगाराचा हिशेब आहे हे ओळखू आले नसते. म्हणून ‘पीक’ राहिला आणि त्याचा अर्थ शेजारी दिला.

या सगळ्यातून जो नियम हाती आला, तो लहानसा आहे. वस्तू हातमागापासून तीच असेल, तर जुना शब्द घ्यावा: धोटा, फणी, कांडी, पीळ, पेळू. क्रिया बदलली असेल, तर जुना शब्द ओढून लावू नये. यंत्राचे नाव तसेच ठेवून क्रिया मराठीत सांगावी. आणि ज्या शब्दाने पैसे मोजले जातात, तो पावतीवर जसा छापला आहे तसाच ठेवावा. घडवलेला शब्द त्याच्या शेजारी बसू शकतो, त्याच्या जागी नाही.