मुंबईहून गेलेला निबंध

तापमान रेणूंच्या वेगाच्या वर्गाच्या सरासरीच्या प्रमाणात असतं, हे जॉन वॉटरस्टनने 1845 मध्ये मुंबईहून रॉयल सोसायटीला लिहून पाठवलं होतं. तो तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅडेट्सना शिकवायचा. परीक्षकाने निबंध निरर्थक ठरवला आणि तो दप्तरात पडून राहिला. 1891 मध्ये तो रॅलेच्या हाती लागला, तेव्हा वॉटरस्टन हयात नव्हता.

त्याचं म्हणणं नाशिकच्या हवेवर तपासून बघा. हिवाळ्यातली पहाट 10 अंश, मे महिन्यातली दुपार 40. चौपट वाटतं ना? पण केल्विनमध्ये ते 283 आणि 313. √(3RT/M) मध्ये घातलं, की नायट्रोजनचा वेग सेकंदाला 502 मीटरवरून 528 वर जातो. म्हणजे वाढ जेमतेम 5 टक्के.