एका भांडणाची दोन अपत्यं

१८४२ साली एडविन चॅडविक या ब्रिटिश अधिकाऱ्याने कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतल्या आरोग्यावर एक जाडजूड अहवाल काढला. त्यात एक तक्ता आहे. लिव्हरपूलमध्ये मेलेल्या सुस्थितीतल्या लोकांचं सरासरी वय ३५, दुकानदार-व्यापाऱ्यांचं २२ आणि मजुरांचं १५. रटलंड या ग्रामीण परगण्यात हेच आकडे ५२, ४१ आणि ३८. गावातला मजूर शहरातल्या साहेबापेक्षा जास्त जगतो, असा या तक्त्याचा सरळ अर्थ लोकांनी घेतला. इंग्लंडात नळ आणि गटारं आली त्यात या अहवालाचा वाटा मोठा होता.

हा तक्ता वाचताना मला पहिल्यांदा शंका आली ती अकाली मृत्यू मोजण्याच्या आजच्या दोन मापांबद्दल. एक, प्रमाणित मृत्यू गुणोत्तर, म्हणजे एसएमआर. दुसरं, गमावलेली संभाव्य आयुष्यवर्षं, म्हणजे वायपीएलएल. पाठ्यपुस्तकात ती शेजारी-शेजारी असतात, पण त्यांची कुळं वेगळी सांगतात. पहिलं विमा गणितातून आलं, दुसरं १९४७ साली अमेरिकेत क्षयरोगाच्या चर्चेत जन्मलं. माझं म्हणणं असं की दोन्ही एकाच भांडणातून निघाली आहेत आणि ते भांडण चॅडविकच्या या तक्त्यावर झालं.

मजुरांचं सरासरी मृत्यूवय १५ होतं, याचा अर्थ मजूर पंधराव्या वर्षी मरत होते असा नाही. मेलेल्यांत तान्ही मुलं फार होती, म्हणून सरासरी खाली आली. आता दोन वस्त्या घ्या. दोन्हींत प्रत्येक वयाला मरणाचा धोका अगदी सारखा, पण एकीत नवी जोडपी राहायला आल्यामुळे मुलं खूप आणि दुसरीत म्हातारी माणसं खूप. पहिल्या वस्तीतलं सरासरी मृत्यूवय आपोआप कमी निघेल. वस्ती रोगट आहे म्हणून नव्हे, तरुण आहे म्हणून. चॅडविकला मात्र हे माप फार प्रिय होतं. साध्या मृत्युदरापेक्षा ते खरं बोलतं, असं त्याने लंडनच्या सांख्यिकी संस्थेपुढे आग्रहाने मांडलं.

त्याला उत्तर दिलं एफ. जी. पी. नीसनने. हा आयुर्विमा कंपनीचा ॲक्च्युअरी. त्याचं पोट वयानुसार मरणाचा हिशेब करण्यावर चालायचं, त्यामुळे चॅडविकची चूक त्याला लगेच टोचली असणार. १८४४ च्या सुरुवातीला त्याच संस्थेत त्याने निबंध वाचला. कोणत्याही दोन जिल्ह्यांतली वयोरचना सारखी नसते, म्हणून मेलेल्यांच्या सरासरी वयावरून जिल्ह्यांची तुलना करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. टीका करून तो थांबला नाही. त्याने दोन वाटा दाखवल्या. पहिली वाट अशी की दोन्ही जिल्ह्यांचे वयोगटवार मृत्युदर एकाच ठरावीक लोकसंख्येला लावायचे आणि मग तुलना करायची. दुसरी उलटी. एकच मृत्युदरांची यादी घ्यायची आणि ती त्या-त्या जिल्ह्याच्या लोकसंख्येला लावून तिथे किती मरायला हवे होते ते काढायचं. ही दुसरी वाट म्हणजेच एसएमआरचा सांगाडा.

इथे डेन्मार्कचे संख्याशास्त्रज्ञ नील्स कायडिंग यांचा दावा आडवा येतो. त्यांनी दाखवून दिलं की अपेक्षित मृत्यू काढण्याची रीत नीसनच्या बरीच आधी, १७८६ साली, कील विद्यापीठातल्या योहान निकोलस टेटेन्सच्या पुस्तकात आहे. हा टेटेन्स मोठा विलक्षण माणूस. तत्त्वज्ञान शिकवायचा आणि त्याच्या ग्रंथाचा कांटवर प्रभाव पडला होता. पुढे तो कोपनहेगनला जाऊन सरकारी तिजोरीच्या कामात रमला. वर्षासनांच्या, म्हणजे हयातभर मिळणाऱ्या ठरावीक रकमांच्या हिशेबासाठी त्याने ही रीत वापरली. ती पुढे विसरली गेली आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा शोधावी लागली, असं कायडिंग म्हणतात. जन्मतारखेचा मान टेटेन्सला द्यावाच लागेल. पण ज्याची आठवण कोणाला उरली नाही त्याच्यापासून वंश चालत नाही. टेटेन्सला विचारायचं होतं, फंडात पैसे पुरतील का? नीसनला विचारायचं होतं, ही वस्ती त्या वस्तीपेक्षा वाईट आहे का? एसएमआर आजही नीसनचाच प्रश्न विचारतो, म्हणून माझ्या वंशावळीत मूळ पुरुष नीसन.

ही रीत लोकांच्या नजरेत भरवली विल्यम फारने. इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातला हा डॉक्टर. १८५९ साली त्याने जिथे मृत्युदर हजारी १७ च्या आत होता असे निरोगी जिल्हे निवडले आणि त्यांचे वयोगटवार दर काढले. मग लंडनचे लोक त्या दराने मेले असते तर वर्षाला किती मेले असते, याचा हिशेब केला. उत्तर आलं ३६,१७९. १८४९ ते १८५३ या पाच वर्षांत लंडनमध्ये प्रत्यक्षात वर्षाला सरासरी ५७,५८२ माणसं मेली होती. फरक २१,४०३. एवढी मरणं अनैसर्गिक, असं फारने ठणकावलं. आजच्या भाषेत ५७,५८२ ला ३६,१७९ ने भागा आणि शंभराने गुणा, १५९ येतो. फारने वजाबाकी केली, आपण भागाकार करतो, एवढाच फरक. वजाबाकी जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात माणसं दिसत राहतात. असो.

फारनंतर डॉ. विल्यम ऑगलने १८८५ मध्ये व्यवसायवार तक्ता केला, तो नीसनच्या पहिल्या वाटेने. सर्वांत कमी मृत्यू पाद्र्यांत, म्हणून त्यांना १०० धरलं, तर खानावळी-दारूगुत्त्यांतल्या नोकरांचा आकडा ३९७ भरला. दोन महायुद्धांमधल्या काळात ब्रिटनच्या व्यवसायवार तक्त्यांत दुसऱ्या वाटेने चालणारा एसएमआर पक्का बसला. त्याच्यासाठी व्यवसायातल्या प्रत्येक वयोगटाचे वेगळे मृत्यू ठाऊक असण्याची गरज नसते, एकूण मृत्यू आणि वयोगटवार माणसं एवढंच पुरतं. छोट्या व्यवसायांना ही फार मोठी सोय होती.

या सोयीची किंमत जॉर्ज उडनी यूलने १९३४ साली सांगितली. दोन व्यवसायांचे एसएमआर एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, प्रत्येकाची तुलना फक्त प्रमाण धरलेल्या लोकसंख्येशीच होते. हे पटवण्यासाठी एक बनवलेलं उदाहरण घेऊ. देशात तरुणांचा मृत्युदर हजारी २, वृद्धांचा २०. क आणि ख या दोन व्यवसायांत दोन्हीकडे धोका हुबेहूब सारखा. तरुणांचा दर देशाच्या तिप्पट, म्हणजे हजारी ६, वृद्धांचा देशाइतकाच, २०. क मध्ये ९,००० तरुण आणि १,००० वृद्ध. अपेक्षित मृत्यू १८ आणि २०, मिळून ३८. प्रत्यक्ष ५४ आणि २०, मिळून ७४. एसएमआर १९५. ख मध्ये उलटं, १,००० तरुण आणि ९,००० वृद्ध. अपेक्षित १८२, प्रत्यक्ष १८६, एसएमआर १०२. एकच धोका, पण एका व्यवसायावर दुप्पट मरणाचा शिक्का आणि दुसरा जवळजवळ निर्दोष. ज्या वयोरचनेसाठी नीसनने चॅडविकला झोडपलं, ती त्याच्याच वंशजाच्या घरात मागच्या दाराने शिरली.

आता दुसरं अपत्य. १९४७ मध्ये मेरी डेम्प्सी यांनी अमेरिकेतल्या क्षयरोगाबद्दल लिहिलं. क्षयाचा मृत्युदर घसरत होता, हृदयविकार आणि कर्करोग पुढे गेले होते. डेम्प्सींचा मुद्दा असा की क्षय तरुणांना मारतो, नुसती मढी मोजून त्याचं खरं नुकसान कळत नाही. प्रत्येक मृत्यूमागे किती वर्षं वाया गेली ते मोजा. या मापाची आजची रीत सोपी आहे. वयाची एक मर्यादा ठरवायची, समजा ६५. पाचव्या वर्षी गेलेल्याची ६० वर्षं गेली, तिसाव्या वर्षी गेलेल्याची ३५, पंचावन्नाव्या वर्षी गेलेल्याची १०. मर्यादेनंतर मेलेल्याचं शून्य. या तीन मरणांची बेरीज १०५ वर्षं, म्हणजे दर मृत्यूमागे ३५.

आता याच तिघांचं सरासरी मृत्यूवय काढा. पाच, तीस आणि पंचावन्न, सरासरी ३०. पासष्टातून तीस गेले, राहिले ३५. म्हणजे मर्यादेआधीच्या मरणांपुरतं, दर मृत्यूमागे गमावलेली वर्षं आणि चॅडविकचं सरासरी वय हा एकच आकडा आहे, फक्त दुसऱ्या टोकाकडून मोजलेला! मी दाखवतोय तो धागा गणितातला आहे. एकूण वर्षांची बेरीज मृत्यूंची संख्याही सोबत घेते, तेवढी ती चॅडविकपेक्षा शहाणी. पण कच्चेपणी तिच्यातही तोच दोष. तरुण वस्तीत गमावलेली वर्षं जास्त निघणार, कारण मरायला तरुणच जास्त आहेत.

माझ्या तर्काला खरी बळकटी मिळते ती पुढच्या तीन वर्षांत. डेम्प्सींच्या लेखावर १९४८ मध्ये थॉमस ग्रेव्हिलने टिपण लिहिलं, तोही ॲक्च्युअरी. एकच ठरावीक वय धरू नका, त्या-त्या वयाला आयुष्य-सारणीप्रमाणे उरलेली वर्षं धरा, कारण सत्तरीतल्या माणसापुढेही वर्षं असतात, असं त्याचं म्हणणं. मग १९५० मध्ये विल्यम हेन्झेलने ही वर्षंच वयानुसार प्रमाणित करून दाखवली. म्हणजे शंभर वर्षांनी नीसनचंच औषध चॅडविकच्या अपत्याला पाजलं गेलं. १९७७ साली कॅनडाच्या रोमेडर आणि मॅकव्हिनी यांनी १ ते ७० वर्षं ही मर्यादा घेतली आणि पहिल्या वर्षातली मरणं वगळली. ती ठेवली तर एकटीच बाकी सगळ्या कारणांना झाकून टाकतात.

कोणी म्हणेल, डेम्प्सींचा प्रश्न अगदी वेगळा होता. त्यांना वस्त्यांची नाही, रोगांची तुलना करायची होती आणि लोकसंख्या एकच होती. हा आक्षेप वजनदार आहे. एकाच लोकसंख्येतल्या दोन रोगांपुरतं माप निर्दोषही आहे. पण माप एकदा छापलं की ते जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरू लागतं. आपल्याकडेच पाहा. केरळचा ढोबळ मृत्युदर बिहारपेक्षा जास्त असतो, कारण केरळात म्हातारे जास्त आहेत. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातला तरुण मुंबईला निघून जातो, मागे वडीलधारी राहतात. अशा जिल्ह्याचं नुसतं गमावलेल्या वर्षांचं माप पालघरशेजारी ठेवलं तर सिंधुदुर्ग फुकट चांगला दिसेल. दोघांचे एसएमआर शेजारी ठेवले तर यूलचा आक्षेप उभा राहतो.

म्हणून आरोग्य खात्यातल्या आणि अभ्यासकांतल्या तक्ते करणाऱ्यांना एकच विनंती. गुणोत्तर छापा, वर्षं छापा, पण सोबत प्रत्येक वयोगटातले मृत्यू आणि माणसंही छापा आणि वयाची मर्यादा कोणती धरली ते ठळक लिहा. मग तुलना करायची की नाही, हे वाचणारा स्वतः ठरवू शकेल.