कर्जखर्चाचे भांडवलीकरण (बांधकामाधीन इमारत)

इमारत उभी राहत असताना तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज खर्चात न टाकता इमारतीच्या किमतीत मिळवण्याची लेखापद्धती. भारतात हा नियम ‘इंड एएस 23’ या लेखामानकात आहे. इमारतीवर खर्च होऊ लागला, व्याज चढू लागले आणि काम सुरू झाले, या तिन्ही गोष्टी प्रथम एकत्र येतात त्या दिवशी भांडवलीकरण सुरू होते. नकाशामंजुरीची खटपटही काम धरली जाते. नुसती जमीन घेऊन ठेवणे मात्र नाही.

समजा, एका कंपनीने 1 एप्रिलला इमारतीसाठी 12 टक्के दराने 10 कोटी रुपये उचलले. महिन्याचे व्याज 10 लाख. खर्च व काम 1 जूनला सुरू झाले. ठेकेदाराशी वाद होऊन ऑक्टोबर ते डिसेंबर काम बंद पडले. इमारत 31 मार्चला तयार झाली, कंपनी मात्र जूनमध्ये राहायला गेली. इमारतीच्या किमतीत सात महिन्यांचे 70 लाखच जातील. पडून असलेल्या रकमेवर ठेवीचे व्याज मिळाले असल्यास ते त्यातून वजा होईल. उरलेले 50 लाख त्या वर्षाचा खर्च. पावसाळ्यातला अपेक्षित खंड असता, तर भांडवलीकरण थांबवावे लागले नसते.

खरी गफलत शेवटाला होते. रंगकाम किंवा किरकोळ सजावट बाकी आहे म्हणून, किंवा उद्घाटनाच्या मुहूर्तापर्यंत, व्याज चढवत राहिल्यास नफा फुगतो. त्यामुळे लेखापरीक्षकाने वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला आणि ठेकेदाराची शेवटची बिले भांडवलीकरणाच्या तारखेशी ताडून पाहावीत.