रस्ता बंद पडला, तर दंड कोण भरणार? वाहतूक करारातील ‘फोर्स मेजर’ कलम

ऊर्जानगर आणि चंद्रपूर परिसरात आपल्यापैकी अनेकांच्या घरात ट्रकचा धंदा आहे. कोणी कोळसा वाहतो, कोणी सिमेंट. करारावर सही करताना भाड्याचा दर सगळे नीट वाचतात, पण शेवटच्या पानावरचे ‘फोर्स मेजर’ हे कलम सहसा कोणी वाचत नाही. आपल्या हाताबाहेरच्या घटनेमुळे काम अडले तर त्या काळापुरती जबाबदारी माफ, असा त्याचा अर्थ. मात्र प्रत्येक अडचण त्यात बसत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

समजा, एका ट्रकमालकाने चंद्रपूरहून भामरागडला सिमेंट पोहोचवण्याचे काम घेतले. उशीर झाल्यास दररोज दंड. जुलैत पर्लकोटा नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेले आणि गाडी आलापल्लीला चार दिवस अडकली. पाणी ओसरले, तर गाडीचा क्लच गेला आणि ड्रायव्हरही सुट्टीवर गेला. त्यात आणखी पाच दिवस गेले. मालकाने सांगितले, “पुरामुळे नऊ दिवस उशीर झाला.”

यातले माफीला पात्र दिवस चारच. तेसुद्धा करारात पूर किंवा रस्ता बंद असे लिहिलेले असेल तर. क्लच बिघडणे, ड्रायव्हर न मिळणे हा धंद्यातला रोजचा धोका आहे. तो मालकानेच सांभाळायचा. घटना बाहेरची हवी, टाळता न येणारी हवी आणि उशीर तिच्याचमुळे झालेला हवा, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

इथे समोरची पार्टी आणखी एक मुद्दा काढू शकते : पर्लकोटेला पूर जवळपास दर पावसाळ्यात येतो, हे माहीत असून तुम्ही जुलैची तारीख का दिली? म्हणूनच नुसते ‘नैसर्गिक आपत्ती’ असे मोघम लिहून भागत नाही. ‘पुलावरून पाणी गेल्याने वाहतूक बंद असेल तेवढे दिवस मुदत वाढेल’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

आता डिझेल महागले तर? किंवा जवळचा रस्ता बंद होऊन लांबून जावे लागले तर? तोटा होतो हे खरे, पण काम अशक्य होत नाही. १९५६ मध्ये सुएझ कालवा बंद झाला, तेव्हा सुदानहून जर्मनीला भुईमूग पाठवणाऱ्या विक्रेत्याने माल पाठवलाच नाही. आफ्रिकेला वळसा घालून जाणे लांबचे आणि महाग असले तरी शक्य होते, असे सांगून इंग्लंडच्या न्यायालयाने त्याची सबब फेटाळली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ च्या ‘एनर्जी वॉचडॉग’ निकालात हेच धोरण ठेवले. इंडोनेशियातला कोळसा महागल्याने वीज कंपन्यांना जुना दर परवडत नव्हता, पण केवळ महागाई म्हणजे फोर्स मेजर नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

कलम कोणाच्या बाजूने आहे, हेही पाहावे. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, दक्षिण कोरियाहून स्टील मागवणारे खरेदीदार पैसे थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांना दिलासा मिळाला नाही, कारण करारातले हे कलम फक्त विक्रेत्यासाठी होते. शिवाय लॉकडाऊन मर्यादित काळाचा आहे आणि स्टील अत्यावश्यक सेवेत मोडते, असेही न्यायालयाने नोंदवले. म्हणजे ‘लॉकडाऊन होता’ एवढे सांगणे पुरत नाही.

करारात हे कलमच नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ५६ उरते. त्याची कसोटी फार कडक आहे. काम बेकायदा किंवा खरोखर अशक्य झाले, किंवा कराराचा पायाच निघून गेला, तरच करार संपतो. चार दिवसांच्या पुराने तसे होत नाही. कलम ५६ मुदत वाढवून देत नाही, ती करारातूनच मिळवावी लागते.

राहिला पुराव्याचा प्रश्न. अनेक करारांत घटना घडल्यापासून ठराविक दिवसांत लेखी कळवण्याची अट असते. ती चुकली तर खरी सबबही हातची जाते. म्हणून आमच्या उदाहरणातल्या मालकाने आलापल्लीत गाडी थांबली त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर कळवायला हवे होते, आणि करारात रजिस्टर पोस्ट लिहिले असेल तर तेही करायला हवे होते. सोबत रस्ता बंद असल्याची प्रशासनाची सूचना आणि तारखेसह फोटो. पाणी ओसरल्यावर ‘आज गाडी निघाली’ हेही कळवायचे. मग चार दिवसांचा हिशेब स्वच्छ राहतो आणि वाद उरलेल्या पाच दिवसांपुरताच उरतो. त्या पाच दिवसांचा दंड मात्र त्याला भरावा लागेल.