नगरचे पाच रस्ते आणि किरचॉफचे सूत्र

१/ अहिल्यानगरहून नेवासे, शेवगाव आणि पाथर्डी या तिन्ही गावांना रस्ते जातात. शेवगावहून नेवासे आणि पाथर्डी येथेही रस्ते आहेत. हेच पाच रस्ते धरले, तर केवळ तीन राखून चारही ठिकाणे जोडलेली ठेवण्याचे मार्ग किती?

२/ अशा जोडणीला ‘स्पॅनिंग ट्री’ म्हणतात. १८४७ साली विशीतल्या गुस्ताव किरचॉफने विजेच्या तारांच्या जाळ्याचा अभ्यास करताना हिचाच आधार घेतला. मोजणीचे आजचे सूत्र त्याच्याच नावाने ओळखले जाते.

३/ मॅट्रिक्सच्या कर्णावर प्रत्येक ठिकाणी मिळणाऱ्या रस्त्यांची संख्या लिहावी, थेट रस्ता असेल तेथे −१ आणि नसेल तेथे ०. ही लाप्लासियन मॅट्रिक्स. हिच्या प्रत्येक ओळीची बेरीज शून्य येते, म्हणून निश्चयकही शून्यच. यास्तव एका ठिकाणाची ओळ आणि स्तंभ वगळतात. अहिल्यानगर वगळल्यास शेवगाव, नेवासे, पाथर्डी या क्रमाने उरते:

```
 ३  −१  −१
−१   २   ०
−१   ०   २
```

४/ निश्चयक: १२ − २ − २ = ८. पडताळा सोपा आहे. पाचांतून तीन रस्ते दहा प्रकारे निवडता येतात. त्यांपैकी दोन निवडींत त्रिकोण बनतो आणि चौथे गाव तुटते. उरतात आठ.

५/ अहिल्यानगरऐवजी दुसरे कोणतेही ठिकाण वगळले तरी उत्तर आठच येते. उत्तर शून्य आले असते, तर एखादे गाव मुळातच तुटलेले आहे असे समजावे.