शुगर नॉर्मल असूनही ऑपरेशननंतर धोका? डायबेटिसची कोणती गोळी कधी थांबवायची?

ऑपरेशन ठरलं की डायबेटिस असलेल्या घरात पहिला प्रश्न येतो, ‘त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही?’ बहुतेकांना उत्तर मिळतं, ‘सकाळची घेऊ नका.’ बऱ्याच गोळ्यांना हे उत्तर चालतं. पण एक गोळी अशी आहे की ती सकाळी बंद करून उपयोग नाही, ती तीन दिवस आधी थांबवावी लागते. ती अनेकदा दुसऱ्या गोळीत मिसळलेली असते, त्यामुळे आपण ती घेतोय हेच पेशंटला माहीत नसतं.

ही गोळी म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांपैकी एखादी. ओळखायची खूण म्हणजे नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं. त्यानंतर ती स्वस्त झाली आणि मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन यांच्यासोबत एकाच गोळीत येऊ लागली. म्हणून फक्त ब्रँडचं नाव सांगून भागत नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, त्याचा फोटो काढून सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना दाखवा.

नेमकं होतं काय?

ही औषधं रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. एरवी ते चांगलंच. पण ऑपरेशनच्या वेळी तुम्ही उपाशी असता आणि शरीर ताणात असतं. ताणाची हार्मोन्स इन्सुलिनचं काम अडवतात. शरीर मग ऊर्जेसाठी चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं. याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर तो जीवावर बेततो.

साधारणपणे कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये शुगर ३००-४०० च्या वर जाते आणि सगळे सावध होतात. इथे मात्र गोळी साखर लघवीतून काढतच राहते, त्यामुळे ग्लुकोमीटरवर १६० किंवा १९० दिसतं. मळमळ, उलटी, पोटदुखी, थकवा, जोरजोरात खोल श्वास ही लक्षणं असतात. ऑपरेशननंतर यातली बरीचशी कुणालाही होऊ शकतात, म्हणून ती भुलीच्या खात्यावर टाकली जातात. शुगर ठीक आहे म्हणून इन्सुलिनही दिलं जात नाही, आणि खरी गरज त्याचीच असते. उपचारात इन्सुलिन आणि ग्लुकोजचं सलाईन दोन्ही एकाच वेळी द्यावं लागतं. निदान रक्तातल्या कीटोनच्या तपासणीने होतं, शुगरच्या आकड्याने नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये ही औषधं ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायला सांगितलं. अर्टुग्लिफ्लोझिनसाठी ही मुदत चार दिवसांची आहे.

एक उदाहरण

समजा, कोथरूडमधल्या ६२ वर्षांच्या एका काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी ८ वाजता आहे. त्या डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेतात, सकाळी ग्लिमेपिराइड घेतात आणि रात्री ग्लार्जिन इन्सुलिनचे २० युनिट. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ७.६ आहे. ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी ते शक्यतो ८ च्या खाली हवं, म्हणजे तिथे अडचण नाही.

एकत्र गोळी शेवटची घ्यायची रविवारी. सोमवारपासून ती बंद. पण तिच्यासोबत मेटफॉर्मिनही बंद होतं, आणि कुणी लक्ष दिलं नाही तर बुधवारपर्यंत शुगर वाढून ऑपरेशनच पुढे ढकललं जाऊ शकतं. म्हणून डॉक्टर सोमवार ते बुधवार साधी मेटफॉर्मिन लिहून देतात. फॅमिली डॉक्टर सदाशिव पेठेत आणि सर्जन दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये असले की दोघांनाही वाटतं, हे दुसऱ्याने सांगितलं असेल. तेव्हा विचारायचं काम आपलंच.

बुधवारी रात्री ग्लार्जिन बंद करायचं नाही, फक्त कमी करायचं. साधारण पाव भाग कमी करतात, म्हणजे २० ऐवजी १५ युनिट. टाइप १ डायबेटिस असलेल्यांनी तर हे दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कधीच पूर्ण थांबवू नये. ३०/७० सारखं मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गुरुवारी सकाळी मेटफॉर्मिन नाही आणि ग्लिमेपिराइडही नाही. ग्लिमेपिराइड तुम्ही खाल्लंय की नाही हे न बघता इन्सुलिन बाहेर काढायला लावतं, त्यामुळे उपाशीपोटी घेतली तर शुगर धाडकन खाली येऊ शकते.

उपाशी म्हणजे किती उपाशी?

‘मला चतुर्थीची सवय आहे,’ असं इथे चालत नाही, कारण आपल्या उपवासात चहा असतो. भूलशास्त्राच्या नियमात हलकं जेवण ६ तास आधी, तळलेलं किंवा तुपकट जेवण ८ तास आधी आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास आधीपर्यंत चालतात. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो हलक्या जेवणात धरतात. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड घेत असाल तर पोट उशिरा रिकामं होतं, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. हॉस्पिटलने याहून कडक वेळ दिली असेल तर तीच पाळायची. डायबेटिस असलेल्यांनी ऑपरेशनच्या यादीत पहिला नंबर मागायला मात्र अजिबात लाजू नये.

काकूंनी पहाटे साडेपाचला शुगर तपासली आणि ६५ आली, तर? ७० च्या खाली गेली की उपचार हवाच. अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि हॉस्पिटलला कळवायचं. तोंडाने घ्यायची मुदत संपली असेल तर लगेच नर्सला सांगा, शिरेतून ग्लुकोज देता येतं. ऑपरेशन रद्द होईल या भीतीने गप्प बसणं सगळ्यात वाईट.

नंतर शुगर किती हवी?

ऑपरेशनच्या आसपास आणि नंतर वॉर्डमध्ये १०० ते १८०, आयसीयूत १४० ते १८०. १६५ बघून नातेवाईक घाबरतात, पण तो आकडा ठीक आहे. २००९ साली सहा हजारांहून जास्त आयसीयू रुग्णांवरचा नाइस-शुगर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शुगर ८१ ते १०८ मध्ये दाबून ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, २७.५ टक्के. १८० पर्यंत चालवून घेतलेल्या गटात ते २४.९ टक्के होते.

१८० च्या वर राहिली तर जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून इन्सुलिन देतात. एरवी फक्त गोळ्यांवर असलेल्यांनाही ते लागू शकतं. याचा अर्थ ते कायमचं लागलं असा नाही. उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सामेथासोनसुद्धा साधारण दिवसभर शुगर वर नेतं.

घरी जाताना गोळ्या एकदम सुरू होत नाहीत. काकूंचं खाणं सुरू झालं आणि किडनीचा रिपोर्ट नीट असला की मेटफॉर्मिन. पूर्ण जेवण जायला लागलं की ग्लिमेपिराइड. डापाग्लिफ्लोझिन सगळ्यात शेवटी, नेहमीसारखं खाणं-पिणं व्हायला लागल्यावर. डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘जुनी औषधं चालू ठेवा’ असं लिहिलं असेल, तर निघण्याआधी प्रत्येक गोळीपुढे तारीख घालून मागा. तातडीचं ऑपरेशन असेल तर तीन दिवस थांबता येत नाही. अशा वेळी शेवटची ‘ग्लिफ्लोझिन’ गोळी कधी घेतली ते सांगा, म्हणजे डॉक्टर कीटोनवर लक्ष ठेवतील.