तळटीप : बीटी कापूस आणि जनुकीय संकेत

* बीटी कापूस : शेवगाव, पाथर्डी भागात पिकणाऱ्या बीटी कापसात ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीतल्या जिवाणूचे जनुक असते, भारतात त्याच्या लागवडीला २००२मध्ये परवानगी मिळाली. जिवाणूचा संकेत कापसाच्या पेशीला वाचता येतो, कारण AUG म्हणजे ‘सुरुवात’ आणि UAA, UAG, UGA म्हणजे ‘थांबा’ हे दोघांतही सारखेच आहे. हीच संकेताची सार्वत्रिकता. मात्र मूळ जनुकापासून वनस्पतीत प्रथिन फार कमी तयार होई. त्यात A आणि T यांची दाटी असल्याने काही ठिकाणी वनस्पतीची पेशी संदेश संपला असे समजे आणि आरएनए अपुरा राही. १९९१च्या सुमारास संशोधकांनी कोडॉन बदलले. UUAच्या जागी CUC घातला तरी अर्थ ल्युसीनच राहतो. त्यामुळे प्रथिन तेच राहिले, त्याचे प्रमाण मात्र वाढले. हे शक्य झाले ते डीजनरसीमुळे, म्हणजे २० अमिनो आम्लांसाठी ६१ कोडॉन असल्यामुळे. परीक्षेत इथेच घोटाळा होतो : एका आम्लाला अनेक कोडॉन असू शकतात, पण एकाच पेशीत एक कोडॉन सहसा दोन आम्लांसाठी नसतो. सार्वत्रिकतेलाही अपवाद आहेत. मानवी मायटोकॉन्ड्रियात UGAचा अर्थ ‘थांबा’ नसून ट्रिप्टोफॅन आहे. — संपादक